या उपकरणावर विश्वास ठेवा

धाकटीच्या शिस्तीची घरात यथेच्छ चेष्टा चालायची. पाणी प्यायला उठली तरी लॅपटॉपचा पडदा बंद. दारावरची बेल वाजली तरी बंद. नवरा म्हणायचा, "आमच्याकडे बायको नाही, पहारेकरी आहे." नणंद त्याच्या वरताण. "छोटी वहिनी झोपेतसुद्धा पासवर्ड विचारेल," असं ती आल्यागेल्याला सांगायची. या नणंदेला घरात दवंडी म्हणत. तिच्या पोटात काही राहत नसे, आणि राहत नाही याचा तिला कमीपणाही वाटत नसे.

घरचे बाकीचे सगळे फोन फ्रिजवर पडलेले असत, उघडे, कुणीही उचलावेत असे. धाकटीचा मात्र तिच्या खिशात. सासूबाईंना ते खटकायचं, पण त्या बोलत नसत. न बोलता नाराजी कळवण्यात त्यांचा हातखंडा होता.

धाकटी घरी बसून एका समुपदेशक मॅडमचं काम करायची. लोकांच्या वेळा ठरवायच्या, आलेल्या निरोपांना उत्तरं द्यायची, कुणाची वेळ बदलली तर दोन्ही बाजूंना कळवायचं. घरात एवढंच ठाऊक होतं की ती "कुठल्याशा दवाखान्याचं" बघते. कुठल्या, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तिथे कोण येतं हे जसं बाहेर जाऊ नये, तसं तिथलं काम कोण पाहतं हेही चारचौघांत कशाला?

मॅडमना शिस्त लावली तीही हिनेच. काम सुरू झालं त्या दिवशी मॅडमनी आपला पासवर्ड सरळ फोनवर निरोप म्हणून पाठवला होता. वर "लक्षात राहील असा आहे, कुत्र्याचं नाव आहे" असंही लिहिलं होतं. धाकटीने तो निरोप पुसला, मॅडमना फोन केला आणि म्हणाली, "मॅडम, हा आत्ताच्या आत्ता बदला. आणि मला तुमची किल्ली नको. माझी वेगळी द्या, तीही एकाच खोलीची." मग तिच्या नावाचं वेगळं खातं झालं. त्यात तिला वेळा दिसत, नावं दिसत. लोकांचे फोन नंबर झाकलेले असत, आणि मॅडम आत बसून जी टिपणं काढत ती तर दिसतच नसत. तिला ती नकोच होती. मॅडम चार जणांत सांगायच्या, "माझं काम बघणारी मुलगी फार काटेकोर आहे." धाकटी ते ऐकून फुलून जायची. फुलावं अशीच गोष्ट होती. नंतर काय झालं ते ठाऊक असल्यामुळे मला तेवढं हसू येत नाही.

एक अडचण राहिली होती. लोकांचे निरोप जिथे येत, त्या पेटीला एकच खातं होतं. मॅडमनी स्वस्तातली योजना घेतली होती आणि तिच्यात दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. म्हणून त्या पेटीचा पासवर्ड धाकटीने पासवर्ड सांभाळणाऱ्या एका तिजोरीत ठेवायला लावला. तिजोरी तो परस्पर भरायची, कागदावर किंवा निरोपात लिहायची गरज नाही. वर एक कोड लागायचा. तो मॅडमच्या फोनवर उमटायचा, मॅडम तो फोनवरून सांगायच्या, आणि पेटी उघडायची. काही वेळ कुणी हात लावला नाही की पेटी आपोआप मिटायची. पुन्हा उघडायची तर पुन्हा कोड.

धाकटीच्या लॅपटॉपवर हे सगळं सुरळीत चालायचं. पण लॅपटॉपने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने उलटासुलटा करून पाहिला आणि "ठेवून जा" म्हणाला. काम तर थांबत नव्हतं. दिवाणखान्यात घरचा कॉम्प्युटर होता. त्यावर दीर हिशेब बघत, नणंद अभ्यासाच्या नावाखाली वाटेल ते बघे, सासूबाई भजनं लावत. "आजच्यापुरतं," असं म्हणून धाकटी त्यावर बसली. आजच्यापुरतं म्हणून केलेल्या गोष्टींनी जेवढी घरं बुडाली असतील तेवढी पुरानेही बुडाली नसतील.

तिला काय करायला हवं होतं ते पाठ होतं. कॉम्प्युटरवर स्वतःचं वेगळं खातं उघडायचं, ते जमत नसेल तर निदान ब्राउझरची खासगी खिडकी, जिच्यात मागे काही राहत नाही, आणि उठताना बाहेर पडायचं. तिने घरचं रोजचं ब्राउझर उघडलं, कारण ते समोर होतं. कोड मागितला, मॅडमनी सांगितला. चहा ठेवायला उठली, परत आली, पेटी मिटलेली. पुन्हा कोड. सासूबाईंनी हाक मारली, परत आली, पेटी मिटलेली. आता मॅडम आत कुणासोबत तरी बसल्या होत्या आणि फोन बंद. इकडे एक बाई सारखी विचारत होती की आजची वेळ आहे की नाही, आणि तिला उत्तर देता येत नव्हतं. मॅडम बाहेर आल्या, कोड सांगितला, आणि जरा त्रासून म्हणाल्या, "अगं, आज किती वेळा?"

ते "किती वेळा" धाकटीला लागलं. काटेकोर मुलीला कुणी त्रासून बोललेलं सहन होत नाही. कोडाच्या चौकटीखाली एक लहानसा चौकोन होता. त्यापुढे लिहिलं होतं: या उपकरणावर विश्वास ठेवा, पुन्हा विचारू नका. याआधी तिने त्याला कधी हात लावला नव्हता. आज तिने त्यावर खूण केली.

पेटी मिटली नाही. दुपारभर मिटली नाही. काम झरझर झालं. मग दुरुस्तीवाल्याचा फोन आला, लॅपटॉप झाला म्हणून. धाकटीने खिडकी खाली सरकवली, चप्पल पायात घातली आणि गेली. पडदा बंद करायचं तिच्या मनात आलंच नाही. तिचा हात लॅपटॉपच्या झाकणाला सवयीचा होता, आणि या कॉम्प्युटरला झाकण नव्हतं.

नणंदेला परीक्षेचा कुठलासा कागद छापायचा होता.

रात्रीच्या जेवणाला सगळे होते. थोरली वाढत होती. थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ, या घरात आली तेव्हा नणंद शाळेत होती. शांत बाई. तिचं असणं कळायचं नाही, नसणं मात्र दोन मिनिटांत कळायचं. सासूबाई मीठ मागत होत्या. आणि नणंद अगदी मायेने म्हणाली, "मोठी वहिनी, तू समुपदेशकाकडे जातेस ते चांगलंच आहे गं. लपवायचं काय त्यात? आजकाल सगळेच जातात."

थोरलीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. थोरल्या दिरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ताटातून मान वर केली नाही. सासूबाईंनी विचारलं, "कुणाकडे?" आणि नणंदेने तो शब्द पुन्हा उच्चारला, या वेळी फोड करून. मनाचा त्रास असणाऱ्यांना मदत करतात त्या बाई, असं.

"तुला कुणी सांगितलं?" थोरलीने विचारलं.

"कळलं कुठून तरी."

थोरलीने भांडं खाली ठेवलं आणि ती आत गेली. ती का जात होती, काय सांगत होती, ते मी इथे लिहिणार नाही. जेवढं बाहेर आलं तेवढं पुरे झालं.

धाकटीला आधी नुसतं नवल वाटलं. मग तिची नजर दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरकडे गेली. ती ताटावरून उठली, खिडकी वर आणली. निरोपांची पेटी सताड उघडी होती. डावीकडे नावांची लांबलचक रांग, आणि उजवीकडे एकाच बाईशी झालेलं सगळं बोलणं. त्या बाईचं नाव धाकटीने आजवर खूप वेळा वाचलं होतं. तिच्या वेळा ठरवल्या होत्या, एकदा बदलल्या होत्या. ते थोरलीचं माहेरचं नाव होतं, हे तिला आत्ता उमगलं. लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि जुनं नाव घरात फक्त त्यांनाच आठवत होतं जे त्या लग्नात होते. धाकटी नव्हती. नणंद होती, रुखवताशेजारी उभी राहून लाडू मोजत.

धाकटी उभ्या उभ्याच ते वाचत गेली, जरी तिला सगळं पाठ होतं. थोरलीने अगदी सुरुवातीला लिहिलं होतं: "मी येते ते घरी माहीत नाही आणि कळता कामा नये. हे निरोप तुमच्याकडे कोण कोण वाचतं?"

खाली उत्तर होतं: "निश्चिंत राहा. इथलं कुठेही जात नाही."

ते उत्तर धाकटीचं होतं. ते लिहिताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, किती नेमकं लिहिलं म्हणून. बाईने विचारलं होतं कोण वाचतं. साधं उत्तर होतं: मॅडम आणि मी. ते तिने दिलं नव्हतं. आज तिला हे दिसलं आणि शरमेने कान तापले, इतके की तिने दोन्ही हात कानांवर ठेवले.

तिने पहिल्यांदा जे करायचं ते केलं. पेटीच्या आत जाऊन सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडण्याचा आदेश दिला, विश्वासाच्या यादीतून घरचा कॉम्प्युटर काढून टाकला. काही पुसलं मात्र नाही. काय उघडलं गेलं, कधी उघडलं गेलं, त्याची नोंद मॅडमना लागेल, एवढं भान तिला होतं.

मागून नणंद आली. "वहिनी, तुझंच काम आहे ना ते? मी तुझं नाव घेतलं नाही हं. आईने खोदून विचारलं तरी नाही सांगितलं."

"तू ते उघडून वाचलंस कशाला?"

"समोर होतं. नाव ओळखीचं दिसलं. मी काय मुद्दाम दवंडी पिटायला गेले का?"

"परत एक शब्द बोलू नकोस. कुणाशीही."

"बरं बाई. तुझ्यावर काही येणार नाही, काळजी करू नकोस."

धाकटीला त्या क्षणी सगळ्यात लाज कशाची वाटली, तर हे ऐकून तिला बरं वाटलं याची. खरंच, तिच्यावर काही येणार नव्हतं. मॅडमना ठाऊक नव्हतं, थोरलीला ठाऊक नव्हतं. नणंदेच्या पोटात पहिल्यांदाच काहीतरी राहणार होतं, आणि तेही धाकटीच्या सोयीचं.

सकाळी तिने आपल्या लॅपटॉपवर पेटी उघडली. कोडासाठी फोन केला तेव्हा मॅडमचा आवाज रोजच्यासारखा प्रसन्न होता. सगळ्यात वर नवा निरोप होता. माहेरच्या नावाने.

"माझ्या पुढच्या सगळ्या वेळा रद्द करा. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही निश्चिंत राहा म्हणालात. बोलायला मला ही एकच जागा होती."

भिंतीपलीकडे थोरलीची खोली होती. निरोप लिहिणारी तिथे बसली होती आणि वाचणारी इथे. धाकटीने एक बटण दाबलं असतं तर ठरलेलं उत्तर गेलं असतं, आपली वेळ रद्द केली आहे म्हणून. मॅडमना वाटलं असतं, येतात माणसं, जातात माणसं. थोरलीला जन्मभर वाटत राहिलं असतं की मॅडमनीच फोडलं. आणि धाकटी काटेकोर राहिली असती. धाकटीने लॅपटॉप मिटला आणि मॅडमकडे गेली.

मॅडमची जागा एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, दोन्ही भिंतीकडे तोंड केलेल्या, म्हणजे बसणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत. दाराशी एक छोटं यंत्र घुं घुं करत होतं, आतलं बोलणं बाहेर येऊ नये म्हणून. धाकटी हे पहिल्यांदाच पाहत होती. एवढा सगळा बंदोबस्त, आणि मागचं दार तिने उघडं ठेवलं होतं.

मॅडम बाहेर आल्या. "तू? इकडे कशी?"

धाकटीने सगळं सांगितलं. घरचा कॉम्प्युटर, चौकोन, नणंद, जेवण. ती बाई आपलीच जाऊ आहे, हेही. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "एकच संभाषण उघडलं?"

"नोंदीत तेवढंच दिसतंय. पण नावांची रांग समोर होती."

"म्हणजे ज्यांची नावं पडद्यावर होती त्या प्रत्येकाला मला कळवावं लागेल."

"हो."

"तू काल रात्रीच फोन का नाही केलास?"

"वाटलं, कळणार नाही," ती म्हणाली.

मॅडम खुर्चीत बसल्या. तिथेच त्यांनी पेटीचा पासवर्ड बदलला, कोड नव्याने जोडला, तिजोरीतून धाकटीचा वाटा काढला. मग धाकटीचं वेगळं खातं उघडलं, ते एका खोलीच्या किल्लीचं, आणि तेही बंद केलं. धाकटी बघत होती. याच क्रमाने करायचं हे मॅडमना तिनेच शिकवलं होतं.

"कोडाचा त्रास होत होता तर सांगायचंस," मॅडम म्हणाल्या. "कोडही तिजोरीतून देता येतो, पेटीत तुझ्यासाठी वेगळी जागा घेता आली असती. मी पैसे वाचवत बसले, ते माझं चुकलं. पण ती खूण तू केलीस."

"मी केली. आणि ते उत्तरही मीच लिहिलं होतं. निश्चिंत राहा म्हणून."

"माझ्या नावाने," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी ताईंना सांगू?"

"नाही. आधी मी सांगेन, काय झालं आणि कुणाकडून झालं ते. त्यांच्या मनात असेल तर त्या तुझ्याशी बोलतील, नाहीतर नाही. तू माफी मागायला धावू नकोस. माफी मागितल्यावर तुला हलकं वाटेल. सध्या त्यांचा विचार करू या."

एका घरात राहून न बोलणं सोपं नसतं. एकच मोरी, एकच ओटा. त्यात सासूबाई थोरलीशी अचानक फार गोड वागू लागल्या होत्या. तिच्याशी हळू बोलायच्या, जसं आजाऱ्याशी बोलतात. "तू बस हो, मी करते," म्हणायच्या आणि तिच्या हातातून लाटणं काढून घ्यायच्या. नणंद तिच्या पाठीवरून हात फिरवायची. त्या दोघींना त्यात चांगुलपणाच दिसत होता. थोरली प्रत्येक वेळी थोडी आखडायची, आणि धाकटीला ते पाहून जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. नवऱ्याने विचारलं, "तुझं काम का बंद झालं?" ती म्हणाली, "माझ्या चुकीने." त्याने चेष्टा केली नाही. चेष्टा केली असती तर तिला रडायला निमित्त मिळालं असतं.

मॅडमनी थोरलीला सांगितलं हे धाकटीला कळलं ते असं, की एका दुपारी थोरली फोनवर बोलून बाहेर आली आणि धाकटीकडे बघतच राहिली. संध्याकाळी धाकटी भांडी विसळत होती. थोरली शेजारी येऊन उभी राहिली, फडकं घेतलं आणि एकेक भांडं पुसायला लागली.

"मी विचारलं होतं," ती पुसता पुसता म्हणाली. "हे कोण वाचतं म्हणून."

"मी वाचत होते, ताई."

"माझं सगळं?"

"निरोप तेवढे. आत तुम्ही काय बोलता ते मला कधीच दिसत नव्हतं. आणि त्या तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं. पण त्याने काही फरक पडत नाही."

"नाही पडत," थोरली म्हणाली. तिने एक पेला पुसला, उजेडात धरून पाहिला, परत पुसला. "मॅडमकडे मी परत जाणार आहे. निरोप आता त्या स्वतः बघतात. मला स्पष्ट सांगितलं, मी आणि फक्त मी. असं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तू वाचतेस म्हणाली असतीस, तरी मी आले असते. कदाचित."

धाकटीने मान हलवली. तिला माफी मागायची होती, शब्द ओठांवर आले होते. मॅडमचं बोलणं आठवून तिने ते गिळले.

"आणि ते निश्चिंत राहा," थोरलीने विचारलं, "तेही तूच?"

"हो."

थोरलीने फडकं झटकून दोरीवर टाकलं. "तो निरोप वाचला त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली होती गं," ती म्हणाली.

एवढं बोलून ती निघाली. फ्रिजवर सगळ्यांचे फोन पडले होते, नेहमीसारखे उघडे. त्यांतला आपला तिने शोधून उचलला आणि सोबत घेऊन गेली. याआधी तिने तो कधी खोलीत नेला नव्हता. धाकटीने नळ बंद केला आणि राहिलेली भांडी स्वतःच पुसली.